लेखापालाच्या जागेसाठी अर्ध्या तासात लिहिलेले कव्हर लेटर

कर्वे रस्त्यावर कार्यालय असलेल्या एका स्वयंसेवी संस्थेची लेखापाल पदाची जाहिरात माझ्या वाचनात आली, तेव्हा अर्जाची मुदत संपायला एक संध्याकाळ उरली होती. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकींसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सात वर्षे हिशेबाचे काम पाहत होते. बायोडेटा अद्ययावत होता आणि प्रमाणपत्रे स्कॅन करून ठेवलेली होती. राहिले होते ते अर्जासोबतचे पत्र, आणि ते मराठीतून असावे अशी जाहिरातीत स्पष्ट अट होती.

असे पत्र तीस मिनिटांत लिहिण्याचा एक ठरावीक क्रम माझ्या थोरल्या मावसबहिणीने मला शिकवलेला होता. ती एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते आणि अशी पत्रे वाचणे हा तिच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तिचे म्हणणे असे, की बहुतेक जण पत्र वरून खाली लिहू लागतात, त्यामुळे निम्मा वेळ मायन्यात आणि पहिल्या वाक्यात जातो, आणि ज्या मजकुरासाठी पत्र मागवलेले असते तो शेवटी थकलेल्या हाताने घाईघाईत उतरतो. तिने सांगितलेला क्रम याच्या उलट चालतो. पहिली पाच मिनिटे जाहिरात वाचण्याची, पुढची आठ आपल्या कामातले पुरावे जाहिरातीतल्या मागण्यांसमोर मांडण्याची, त्यानंतरची नऊ पत्राचा मधला भाग लिहिण्याची, मग पाच मिनिटे सुरुवात आणि शेवट यांची, आणि उरलेली तीन छाटणीची व पाठवण्याच्या तयारीची. टप्प्याची वेळ संपली, की काम अर्धवट असले तरी पुढे जायचे, ही तिची एकमेव कडक अट आहे. "अगं, पहिलं वाक्य शेवटी आपोआप सुचतं, त्याची काळजी आधी कशाला करतेस?" असे ती म्हणते, आणि माझ्या अनुभवात हे खरे ठरले आहे, कारण पत्रात नेमके काय येणार आहे ते ठरण्याआधी त्याची ओळख करून देणारे वाक्य लिहिता येत नाही.

मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावून मी जाहिरात पुन्हा वाचायला घेतली. तिच्यातल्या मागण्या दोन प्रकारच्या होत्या. वाणिज्य शाखेची पदवी, किमान पाच वर्षांचा अनुभव आणि टॅलीवर काम करता येणे या चाळणीच्या अटी होत्या. त्यांचे उत्तर बायोडेटात एका नजरेत मिळते, म्हणून पत्रात त्यांच्यासाठी जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष कामे होती: प्रकल्पनिहाय खर्चाचा हिशेब ठेवणे, देणगीदार संस्थांना मुदतीत अहवाल देणे, वार्षिक लेखापरीक्षणासाठी कागदपत्रे तयार ठेवणे, आणि तालुक्यांतील कार्यकर्त्यांकडून खर्चाच्या पावत्या वेळेवर व पूर्ण मिळवणे.

पत्र या चारांपैकी कशावर उभे करायचे हे पहिल्या टप्प्यातच ठरवावे लागते, कारण एका पानात चारही कामांना सारखी जागा दिली तर एकही नीट सांगून होत नाही. इथे मी ताईची एक कसोटी वापरली. जी ओळ दुसऱ्या कोणत्याही लेखापालाच्या जाहिरातीत तशीच खपून गेली असती ती बाजूला ठेवायची आणि जी फक्त याच जाहिरातीत शोभते ती धरायची. लेखापरीक्षणाची कागदपत्रे सर्वांनाच लागतात आणि अहवालांची मुदतही सर्वांनाच असते. पण पावत्या "वेळेवर व पूर्ण" मिळवण्याची गोष्ट जाहिरातीत मुद्दाम लिहिली जाते, ती तो त्रास कोणीतरी प्रत्यक्ष सोसलेला असल्याशिवाय नाही. त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली. उरलेल्या दीड-दोन मिनिटांत संस्थेच्या वेबसाइटवरचा वार्षिक अहवाल उघडून फक्त शेवटची हिशेबाची पाने पाहिली. मावळ, मुळशी आणि जुन्नर तालुक्यांत कामे चालतात आणि प्रत्येक प्रकल्पाचा खर्च वेगळा दाखवलेला आहे, एवढे त्यावरून कळले आणि तेवढे पुरेसे होते. संस्थेचा इतिहास, ध्येयधोरणे आणि छायाचित्रे यांत शिरले असते तर पाच मिनिटे तिथेच संपली असती, आणि त्यातून पत्रात आले असते ते फक्त संस्थेचे कौतुक, जे तिच्या कार्यवाहांनी आधीच अनेकदा वाचलेले असणार.

दुसरा टप्पा सर्वांत कोरडा दिसतो, पण पत्र चांगले होणार की नाही हे माझ्या मते तिथेच ठरते. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे जाहिरातीतली मागणी तिच्याच शब्दांत उतरवायची आणि उजवीकडे आपण केलेले असे एकच काम लिहायचे, ज्याची तारीख, पद्धत किंवा परिणाम सांगता येईल. अजून वाक्ये लिहायची नाहीत, नुसत्या तुटक नोंदी करायच्या. "समन्वयाची आवड" किंवा "कामात चोख" असे शब्द उजव्या रकान्यात चालत नाहीत, कारण ती कामे नव्हेत, आपले आपल्याविषयीचे मत आहे.

प्रकल्पनिहाय हिशेबासमोर काय लिहायचे हे लगेच सुचले. कारखान्यात प्रेस, वेल्डिंग आणि रंगकाम असे तीन विभाग आहेत आणि कोणत्या विभागात पैसा अडकतो हे मालकांना दर महिन्याला कळावे म्हणून मी टॅलीमध्ये प्रत्येक विभागासाठी वेगळे कॉस्ट सेंटर लावलेले आहे. नोंद करतानाच खर्च कोणत्या कॉस्ट सेंटरचा ते सांगितले, की महिन्याच्या शेवटी विभागवार अहवाल निघतो. संस्थेत विभागाच्या जागी प्रकल्प येतो. हिशेबाची रीत तीच राहते. देणगीदारांच्या अहवालासमोर मी बँकेला द्यायचे स्टॉक स्टेटमेंट लिहिले. कॅश क्रेडिट घेणाऱ्या कारखान्याला कच्चा माल, तयार माल आणि येणे रकमा यांचे पत्रक दर महिन्याला बँकेला द्यावे लागते. किती रक्कम उचलता येईल ते बँक त्यावरून ठरवते, आणि पत्रक उशिरा गेले तर दंडाचा भुर्दंड बसतो. बाहेरच्या माणसाचा पैसा आपण कसा वापरतो आहोत हे त्याच्या नमुन्यात आणि त्याच्या मुदतीत सांगणे हे दोन्हीकडचे समान सूत्र होते. लेखापरीक्षणासमोर मी एक ओळ लिहून सोडून दिली.

चौथी मागणी मात्र अडून बसली. मी कधी कार्यकर्त्यांबरोबर काम केलेले नव्हते आणि ग्रामीण भागात नोकरीही केलेली नव्हती, त्यामुळे ज्या मागणीवर पत्र उभे राहायचे होते तिच्यासमोरचाच रकाना रिकामा राहिला. अशा वेळी ताईची सूचना अशी, की मागणीतली माणसे आणि जागा पुसून टाकायच्या आणि खाली कोणती अडचण उरते ते पाहायचे. "तालुक्यांतील" आणि "कार्यकर्त्यांकडून" हे दोन शब्द मी पेन्सिलीने खोडले, तेव्हा उरले ते असे, की कार्यालयापासून दूर असणारी, हिशेबाची सवय नसलेली माणसे रोख खर्च करतात आणि त्याचे पुरावे अपुरे आणतात. ही अडचण मी कारखान्यात चांगली ओळखत होते. आमचे वाहनचालक आणि हमाल डिझेल, वजनकाटा, पंक्चर, वाटेतली किरकोळ दुरुस्ती यांच्या कच्च्या पावत्या आणत, त्यांवर कधी तारीख नसे तर कधी गाडीचा क्रमांक नसे, आणि मार्चअखेर लेखापरीक्षक असा एक गठ्ठाच बाजूला काढून ठेवत. त्यावर मी अर्ध्या पानाची छापील मराठी चिठ्ठी केली होती, जिच्यात तारीख, गाडी क्रमांक, गेटपास क्रमांक, कारण, रक्कम आणि सही एवढेच रकाने होते, आणि आधीच्या फेरीची चिठ्ठी जमा झाल्याशिवाय पुढच्या फेरीची उचल द्यायची नाही असे मालकांकडून ठरवून घेतले होते.

हे काम माझ्या बायोडेटात कुठेही नव्हते. तिथे "रोख व किरकोळ खर्चाची नोंद" एवढे चार-पाच शब्द होते, आणि ते तसे असण्यात गैरही काही नाही, कारण बायोडेटा पदे आणि कामांची नावे सांगतो. एका ठिकाणचे काम दुसऱ्या ठिकाणच्या अडचणीला कसे लागू पडते हे सांगायला त्यात जागा नसते. पत्राने बायोडेटाची पुनरुक्ती करू नये असे सगळेच सांगतात, पण मग त्यात काय लिहावे याचे उत्तर मला या दुसऱ्या टप्प्यात मिळते.

उजव्या रकान्यात मी आधी आकडा लिहिला होता, चिठ्ठीच्या आधी मार्चअखेर किती रुपयांची उचल थकलेली असे आणि नंतर किती उरली, असा. तो मी तिथेच खोडला. ताईने एकदा स्पष्ट केले होते, की परिणाम सांगताना सध्याच्या मालकाच्या हिशेबातल्या रकमा बाहेर सांगायच्या नाहीत, आणि हिशेबाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने तर मुळीच नाहीत. पत्र वाचणारा पहिला विचार हाच करील, की उद्या ही बाई आमच्याही रकमा अशाच दुसऱ्याला सांगेल. रकमेच्या जागी वेळ सांगितला तर परिणाम तितकाच दिसतो आणि कोणाचे गुपितही फुटत नाही. म्हणून मी लिहिले: "मार्चमध्ये महिनाभर चालणारे काम, आता दर शनिवारी."

तिसऱ्या टप्प्यासाठी नऊ मिनिटे असतात आणि त्यात दोन परिच्छेद लिहायचे असतात. पहिला परिच्छेद फक्त रेघ मारलेल्या मागणीचा, दुसरा बाकीच्यांचा. पहिल्याची घडण ठरलेली आहे: त्यांची मागणी, आपल्याकडची तशीच अडचण, आपण केलेला उपाय, झालेला बदल. मी लिहिलेला परिच्छेद असा होता:

"आपल्या जाहिरातीत तालुक्यांतील कार्यकर्त्यांकडून पावत्या वेळेवर व पूर्ण मिळवण्याचा उल्लेख आहे. आमच्या कारखान्यात हीच अडचण वाहनचालक आणि हमाल यांच्या बाबतीत होती. डिझेल, वजनकाटा व किरकोळ दुरुस्तीच्या पावत्यांवर तारीख किंवा गाडीचा क्रमांक नसे. मी अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी तयार केली आणि आधीच्या फेरीची चिठ्ठी आल्याशिवाय पुढची उचल न देण्याची पद्धत मालकांच्या संमतीने सुरू केली. मार्चमध्ये महिनाभर चालणारे उचलींचे काम आता दर शनिवारी पूर्ण होते."

"मालकांच्या संमतीने" हे दोन शब्द मी विचारपूर्वक घातले. त्यांच्याशिवाय असे वाटले असते, की हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी परस्पर चालकांच्या उचली रोखल्या. अशा पत्रात स्वतःचे श्रेय सांगायचे असतेच, पण जो अधिकार आपल्याकडे नव्हता तो असल्यासारखे लिहिले तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

दुसरा परिच्छेद लिहायला अधिक कठीण गेला, कारण त्यात एक उणीव सांगायची होती. सार्वजनिक न्यासाचे हिशेब मी कधी लिहिलेले नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला आपले हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात आणि ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक अनुक्रमे अनुसूची आठ आणि नऊच्या ठरलेल्या नमुन्यांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला द्यावे लागते. कारखान्याच्या नफा-तोटा पत्रकाची सवय असलेल्या माणसाला हा नमुना वेगळा वाटतो. उणीव लपवावी तर ती बायोडेटात दिसणारच होती, आणि तिच्याबद्दल क्षमा मागावी तर वाचणाऱ्याचे लक्ष पत्रातल्या सर्वांत कमकुवत जागेवर खिळले असते. ताईची रीत अशी, की उणीव एकाच वाक्यात, परिच्छेदाच्या शेवटी आणि तिला लागून केलेल्या एखाद्या कृतीसह सांगायची. "पण", "तरीही", "जरी" यांनी ते वाक्य सुरू करायचे नाही. त्याप्रमाणे मी लिहिले:

"प्रेस, वेल्डिंग आणि रंगकाम या तीन विभागांचा खर्च मी टॅलीमध्ये कॉस्ट सेंटर लावून वेगळा ठेवते आणि त्याचा अहवाल दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देते. बँकेचे मासिक स्टॉक स्टेटमेंटही मीच तयार करते. गेल्या तीन वर्षांत त्याची मुदत एकदाही चुकलेली नाही. सार्वजनिक न्यासाचे हिशेब मी अद्याप लिहिलेले नाहीत. आपल्या वार्षिक अहवालातील ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक मी वाचले असून त्यांच्या विहित नमुन्यांचा अभ्यास सुरू केला आहे."

शेवटचे वाक्य लिहिताना गजर झाला. "अभ्यास सुरू केला आहे" हे त्या क्षणी जेमतेमच खरे होते, म्हणून पत्र पाठवल्यावर त्याच रात्री मी दोन्ही अनुसूचींचे नमुने छापून घेतले आणि संस्थेच्या अहवालाशी ओळीओळीने ताडून पाहिले. पत्रात लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर प्रश्न येऊ शकतो हे धरून चालावे लागते.

चौथ्या टप्प्यात सुरुवात आणि शेवट लिहायचा असतो, आणि मराठी पत्रात इथे एक खास अडथळा असतो तो शाळेतल्या विनंती-अर्जाचा. "महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक अर्ज करते की" हे शब्द बोटांतून आपोआप उतरतात, आणि शेवटी "माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती" हेही. हा साचा रजेसाठी किंवा फी-सवलतीसाठी ठीक आहे, कारण तिथे खरोखरच सहानुभूती हवी असते. नोकरीच्या पत्रात मात्र आपण त्यांच्या एका गरजेला उत्तर देत असतो, आणि सहानुभूतीची याचना केल्याने मधल्या दोन परिच्छेदांत कमावलेले वजन शेवटच्या ओळीत घालवले जाते. माझे स्वतःचे मत असे आहे, की नम्रता मायन्यात आणि सहीत पुरेशी दिसते. मधल्या मजकुरात तिची गरज नसते. मी "मा. कार्यवाह यांस, सप्रेम नमस्कार" असा मायना ठेवला, कारण अर्ज कार्यवाहांकडे पाठवण्यास जाहिरातीत सांगितले होते, आणि विषयाच्या ओळीत पदाचे नाव व जाहिरातीची तारीख लिहिली.

पहिले वाक्य खरोखरच आपोआप सुचले, कारण आता मधला भाग समोर होता. "आपल्या पुणे कार्यालयातील लेखापाल पदासाठी मी अर्ज करीत आहे. भोसरी येथील सुट्या भागांच्या कारखान्यात मी सात वर्षे हिशेबाचे काम पाहते, आणि ठिकठिकाणी विखुरलेल्या माणसांकडून खर्चाचे पुरावे वेळेत गोळा करणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे." हे दुसरे वाक्य मी तीस मिनिटांच्या सुरुवातीला कधीच लिहू शकले नसते, तेव्हा मी "मला हिशेबाचा सात वर्षांचा अनुभव आहे" एवढेच लिहिले असते. शेवटी कामाच्या दोनच गोष्टी सांगितल्या: सध्याच्या नोकरीत एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि भेटीच्या वेळी कोरी चिठ्ठी व कॉस्ट सेंटरच्या अहवालाचा, रकमा वगळून केवळ रकाने दाखवणारा नमुना मी आणू शकेन. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारलेली नव्हती, म्हणून लिहिली नाही. विचारली असती तर टाळली नसती, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देणे हे वाचणाऱ्याला लगेच जाणवते.

शेवटच्या तीन मिनिटांत पत्र एकदा मोठ्याने वाचायचे असते. घरात मुले अभ्यास करीत होती म्हणून मी गॅलरीत जाऊन वाचले. वाचताना ज्या वाक्यात मध्येच श्वास घ्यावा लागला ते एक वाक्य तोडून दोन केली. त्यानंतरची कसोटी अशी, की प्रत्येक वाक्याजवळ थांबून विचारायचे, संस्थेचे नाव बदलून हेच वाक्य दुसरीकडे पाठवता येईल का? सही-मायन्याच्या ओळी सोडून जे वाक्य तसेच चालते ते काढायचे किंवा बदलायचे. या कसोटीवर "सामाजिक कार्याची मला पूर्वीपासून ओढ आहे" हे वाक्य गेले. ते मी चौथ्या टप्प्यात सुरुवातीच्या परिच्छेदाला जोडले होते. ओढ खोटी नव्हती, पण तिचा एकही पुरावा पत्रात नव्हता, आणि पुराव्याशिवाय ते वाक्य पुण्यातल्या कोणत्याही संस्थेला चालले असते. राहिलेले पत्र ए-फोर कागदावर पाऊण पान भरले, आणि मराठी पत्रासाठी ही लांबी मला योग्य वाटते. पूर्ण पान भरले की वाचणारा मजकूर वाचण्याऐवजी चाळू लागतो.

पाठवण्यापूर्वी आणखी एक तांत्रिक गोष्ट पाहावी लागते, आणि मराठीत ती जास्त महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले पत्र समोरच्या संगणकावर तो फाँट नसल्यास अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दाखवते. म्हणून पत्र युनिकोडमध्ये टाइप करून त्याची पीडीएफ केली, ती आधी स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहिली, आणि मगच बायोडेटासह ईमेलला जोडली. फाइलच्या नावात पदाचे नाव आणि आडनाव ठेवले. ईमेलमध्ये मात्र पत्राचा मजकूर पुन्हा उतरवला नाही, कारण जाहिरातीत दोन्ही कागद जोडून मागितले होते. तिथे अर्ज कशासाठी आहे आणि काय जोडले आहे एवढ्या दोन ओळी पुरल्या.

पुढच्या आठवड्यात संस्थेकडून बोलावणे आले. मुलाखतीला बसलेल्या तिघांपैकी एका ज्येष्ठ विश्वस्तांनी पत्राची प्रत समोर ठेवली होती आणि त्यांचा पहिला प्रश्न चिठ्ठीबद्दलच होता: "ज्या चालकाला लिहिता येत नाही, त्याची चिठ्ठी कोण भरतो, बाई?" ती पहारेकरी गेटपास देतानाच भरतो आणि चालक फक्त सही किंवा अंगठा करतो, असे मी सांगितले, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे बोलणे त्याच विषयावर चालले, कारण त्यांच्याकडच्या अंगणवाडी प्रकल्पात नेमकी हीच अडचण होती. न्यासाच्या हिशेबाबद्दलही विचारले गेले, आणि रात्री छापून ताडलेल्या अनुसूची तेव्हा उपयोगी पडल्या.

या क्रमाला मर्यादा आहेत आणि त्या मी नंतर दुसऱ्यांना पत्रे लिहायला मदत करताना पाहिल्या. सरकारी किंवा निमसरकारी जागांना विहित नमुन्यातच अर्ज करायचा असतो, तिथे असे पत्र जोडून काही साधत नाही. जाहिरात फक्त दोन ओळींची असेल, तर पहिल्या टप्प्याला वाचायला काही मिळत नाही. अशा वेळी कार्यालयात फोन करून कामाचे स्वरूप विचारणे बरे, आणि तो वेळ अर्ध्या तासात धरू नये. दुसऱ्या टप्प्याची आठ मिनिटे संपूनही मुख्य मागणीसमोरचा रकाना रिकामा राहिला, माणसे आणि जागा पुसूनही काही सापडले नाही, तर ताईच्या मते तिसऱ्या टप्प्याला हात लावायचाच नाही, कारण पुराव्याची जागा मग विशेषणांनी भरली जाते. ती जागा आपल्यासाठी आहे का याचाच आधी विचार करायचा.

नुकतीच पदवी घेतलेल्यांचे गणित थोडे वेगळे बसते. आमच्या शेजारच्या मुलाने बी.कॉम. झाल्यावर चिंचवडच्या एका करसल्लागारांकडे अर्ज केला, तेव्हा त्याच्या उजव्या रकान्यात नोकरीचे एकही काम नव्हते. त्याच्यासाठी आम्ही दुसरा टप्पा बारा मिनिटांचा केला आणि ती वाढीव चार मिनिटे तिसऱ्यातून घेतली, कारण त्याला एकच परिच्छेद लिहायचा होता. बराच वेळ तो महाविद्यालयातल्या विषयांची नावेच लिहीत राहिला. मग बोलता बोलता असे निघाले, की गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडळाची वर्गणी आणि खर्च यांची वही दोन वर्षे तोच ठेवत होता, पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक तपासत होता, आणि विसर्जनानंतर सूचनाफलकावर जमाखर्च लावत होता. पावतीपुस्तकातली हरवलेली पावती त्याने कशी शोधून काढली, एवढ्या एका गोष्टीवर त्याचे पत्र उभे राहिले.